वाईट वेळेची बारी

पावणेसातची एसटी हुकली की वसमतहून माझ्या घरी जायला दुसरं काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जेवढी म्हणून भ्याले त्याचं कारण हेच.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा कुरुंद्याच्या अलीकडं, फाट्यापासून दोन किलोमीटर आत. फाट्यावर उतरलं की पुढं पायी. सव्वासातला उतरले तर उन्हाळ्यात रस्ता दिसायचा तरी. त्या रस्त्यानं मी दहावीपासून चालत आलेली. नांदेडला होस्टेलात राहून इंग्रजी घेऊन बी. ए. झाले. तांड्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, पोरगंही नाही आणि पोरगीही नाही. याचा मला गर्व होता, अजूनही आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. वसमतला मोंढ्याजवळ एका बियाण्याच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन एका सरांनी काम सुरू केलं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकिकत फोनवर बोलून ठेवत. तो आवाज इंटरनेटवरून आमच्याकडं यायचा. कानाला हेडफोन लावायचा, पायाखाली शिलाई मशीनसारखं पेडल, ते दाबलं की डॉक्टर बोलायचा, सोडलं की थांबायचा, आणि आम्ही ऐकलेलं टाइप करायचो. आम्ही नऊ जण होतो, त्यात सात बायका-पोरी. वर्षभरात मी त्यांच्यावरची मुख्य झाले होते. सर मला 'मॅडम' म्हणत तेव्हा पहिले काही दिवस मी मागं वळून बघायची.

डॉक्टर लोक घास तोंडात ठेवून बोलल्यासारखे बोलत. एखादा शब्द कळलाच नाही तर तिथं अंदाज ठोकायचा नाही, रेघ मारून जागा रिकामी सोडायची, हा पहिला नियम. औषधाचं नाव अंदाजानं लिहिलं आणि चुकलं तर तिकडं माणूस मरेल, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मग त्या रिकाम्या जागा अमेरिकेतल्या दोन बाया तपासून भरत. एक तिकडच्या पूर्वेला, पेनसिल्वेनियात. दुसरी पश्चिमेला, कॅलिफोर्नियात. दोघींच्या घड्याळात आपसात तीन तासांचा फरक. त्या पेनसिल्वेनियाच्या बाईला आम्ही आपसात पूर्वाबाई म्हणायचो आणि दुसरीला पश्चिमाबाई. त्यांची खरी नावं मेलमध्ये असायची, पण ती आमच्या जिभेला बसली नाहीत.

अडचण अशी झाली की आमची रिकामी जागा त्यांना दिसायची तेव्हा आम्ही घरी, आणि त्यांचा प्रश्न आम्हाला दिसायचा तेव्हा त्या झोपलेल्या. एका शब्दापायी एक रिपोर्ट दोन-दोन दिवस अडकायचा. डॉक्टरांनी तक्रार केली. तेव्हा ज्या पुण्याच्या कंपनीकडून सरांना काम मिळालं होतं तिथून मेल आला: एक तारखेपासून रोज दीड तास तिन्ही ठिकाणच्या लोकांनी एकाच वेळी चॅटवर बसायचं आणि त्या दिवशीच्या सगळ्या रिकाम्या जागा तिथंच निकालात काढायच्या. वेळ पूर्वाबाईनं ठरवली होती. तिचे सकाळचे दहा ते साडेअकरा. पश्चिमाबाईचे सात ते साडेआठ. आमचे संध्याकाळचे साडेसात ते नऊ.

मी तो मेल तीनदा वाचला. नऊ वाजता सुटले तर जाऊ कुठं? आमच्यातल्या पाच जणी खेड्यांतून येणाऱ्या. पाचही जणींची नोकरी त्या एका ओळीत संपलेली मला दिसली. आणि सगळ्यात आधी माझीच.

सरांकडं गेले. ते वहीत काहीतरी लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"सर, साडेसातला कसं जमेल? बस पावणेसातची आहे."

"मला म्हाईत न्हाई का? मी बी हितलाच आहे."

"मग तुम्ही कळवा ना त्यांना."

"मी कळवलं तर ते म्हणतील, सेंटर चालवायची ताकद न्हाई. काम नेतील हैदराबादला." मग पेन खाली ठेवून म्हणाले, "तुमीच लिहा. लोकांकडून आलं तर बराबर वाटंल. मला कॉपी टाका, पन मी सांगितलं असं लिहू नका."

म्हणजे भीती त्यांनी माझ्या ओंजळीत ओतली आणि हात पुसले.

त्या दिवशी मी जो मेल लिहिला तो पाठवला नाही हे माझं नशीब. त्यात मी पहिल्या ओळीत माफी मागितली होती, दुसऱ्या ओळीत धन्यवाद दिले होते, आणि मग लिहिलं होतं की आम्ही कसंही जमवू, फक्त शक्य झालं तर पंधरा मिनिटं अलीकडं घ्यावं. पंधरा मिनिटांनी माझी बस मिळणार नव्हती. पण त्याहून जास्त मागायला माझी बोटं चालेनात. इंग्रजीत मागताना तर माणूस अजूनच लहान होतो. प्रत्येक वाक्याला 'कृपया' लावावंसं वाटतं.

रात्री घरी जेवताना मी बाला सांगितलं. आम्ही घरात गोरमाटी बोलतो, इथं मी ते मराठीत लिहिते. बा शिकलेला नाही, पण गोष्ट पूर्ण ऐकल्याशिवाय बोलत नाही.

"तिन्ही घरांचा दिवस एका टायमाला उगवत न्हाई म्हणतीस?"

"न्हाई. इथं दिवस मावळायला जातो तेव्हा एकीकडं सकाळ आणि एकीकडं पहाट."

"मंग काहून घोर करतीस? आपल्या हिरीवानीच झालं की हे."

आमची विहीर चार घरांची. पाण्याची बारी ठरलेली असते. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा येते आणि एक आठवडा रात्री. रात्रीचं पाणी द्यायला कोणालाच नको असतं, विंचू-काट्याचं. म्हणून ज्याची बारी या खेपेला रात्रीत आली त्याला पुढच्या खेपेला दिवसाची द्यायची, अशी फिरती बारी आजोबांच्या काळापासून चालत आलेली.

"येक टाइम चांगला, येक टाइम वंगाळ," बा म्हणाला. "वंगाळ टाइम कोनाच्या तरी बोडक्यावर बसणारच. पन कायम एकाच्याच बोडक्यावर बसवायचा न्हाई. फिरवायचा."

"ते अमेरिकेचे लोक ऐकतील का फिरवायचं?"

"ज्यानं बारी लावली त्यानं पहिली वंगाळ बारी आपल्या अंगावर घ्यायची. मंग कोनाला तोंड ऱ्हात न्हाई. तुज्या आज्यानं लावली तवा पहिली रात त्यानंच धरली."

याडी, म्हणजे माझी आई, चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आन् पोरीनं रातच्याला कुठं ऱ्हायाचं ते बी हिरीलाच इचार."

बानं पुढचा घास मोडला. याडी बोलली तेच खरं होतं. बाच्या रीतीनं गेलं तर पहिला महिना आम्हालाच साडेसात ते नऊ बसावं लागणार होतं. ज्याच्यापासून पळायचं होतं त्याच्यातच आधी शिरायचं.

दुसऱ्या दिवशी मी वहीच्या एका पानावर तिघांचे चोवीस तास शेजारी शेजारी मांडले. उन्हाळ्यात पूर्वाबाई आमच्यामागं साडेनऊ तास आणि पश्चिमाबाई साडेबारा. बोट ठेवून ठेवून पाहिलं. तिघांनाही बरी पडेल अशी एकही वेळ सापडली नाही. पण तीन वेळा अशा सापडल्या की दोघांना बऱ्या आणि एकाला वाईट.

आमचे साडेसात ते नऊ संध्याकाळी: त्यांच्या दोघींच्या सकाळी, वाईट आमची. आमचे सकाळी साडेसात ते नऊ: पूर्वाबाईचे आदल्या रात्रीचे दहा ते साडेअकरा, पश्चिमाबाईचे संध्याकाळचे सात ते साडेआठ, म्हणजे वाईट पूर्वाबाईची. आमचे दुपारचे पाच ते साडेसहा: पूर्वाबाईचे सकाळचे साडेसात ते नऊ, आणि पश्चिमाबाईचे पहाटेचे साडेचार ते सहा.

हे पान पाहून मला जो आनंद झाला तो बी. ए.च्या निकालाच्या दिवशी झाला नव्हता. भीती तासभर विसरले. आणि त्या आनंदातच मी ती चूक केली.

पहाटे साडेचारची वेळ मला वाईट वाटलीच नाही. का वाटावी? आमच्या तांड्यात साडेचारला कोण झोपलेलं असतं? चारला याडीची भाकरी तव्यावर असते. मीही चारला उठून पाणी भरून, केर काढून सहाच्या गाडीला फाट्यावर यायची. म्हणून मी मनात धरलं की पश्चिमाबाईला मिळालेली वेळ जवळजवळ फुकटची. आणि न्यायाच्या नावाखाली मी चार महिन्यांची फेरी लावली. एक महिना आमचा, एक पूर्वाबाईचा, आणि पश्चिमाबाईचे दोन, कारण तिला त्रास कमी.

मेल असा होता, आठवतो तसा मराठीत लिहिते:

'आपल्या तिघांना एकाच वेळी सोयीची अशी वेळ नाही. मी सगळे तास मांडून पाहिले, तक्ता खाली दिला आहे. साडेसात ते नऊ ही वेळ कायमची ठेवली तर सगळा त्रास एकाच ठिकाणच्या लोकांना होतो. आमच्याकडं खेड्यांकडं जाणारी शेवटची बस पावणेसातला असते, त्यानंतर पाच जणींना घरी जायचं साधन नाही. म्हणून वाईट वेळ दर महिन्याला फिरवावी असं सुचवते. तक्ता मी केला म्हणून पहिला महिना आम्ही घेतो. पश्चिमेकडच्या मॅडमनी दोन महिने घ्यावेत, कारण साडेचार ही उठण्याचीच वेळ असते आणि त्यांना फारशी तकलीफ होणार नाही. एखाद्या दिवशी कोणाला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावं, त्या दिवशीचे प्रश्न लेखी पाठवू. तुमच्याकडची घड्याळं हिवाळ्यात बदलली की तक्ता पुन्हा करू.'

माफी मी काढून टाकली होती. तकलीफ या शब्दाला इंग्रजी शब्द शोधायला मला दहा मिनिटं लागली आणि शेवटी जो सापडला तोही तसा नव्हता.

शुक्रवारी दुपारी चारला पाठवला. परत घ्यायची सोय असती तर मी घेतला असता, खोटं कशाला बोलू.

मग लक्षात आलं की त्या दोघी शुक्रवारचं काम उरकून वाचतील तोवर त्यांचा शनिवार-रविवार सुरू होईल. आमच्याकडं शनिवारी काम असायचं. शनिवारी उत्तर नाही. रविवारी मी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले, रांगेत उभी राहिले, आणि देवापुढं गेल्यावर हात जोडून मनात काय आलं तर 'साडेचार ते सहा'. सोमवारी सकाळी मेल उघडला, काहीच नाही. तेव्हा तिकडं अजून रविवारच चालू होता, हे मला माहीत होतं, तक्ता मीच केला होता. तरी मी दर पाच मिनिटांनी मेल उघडून बघत राहिले.

सोमवारी दुपारी मला माझी दुसरी चूक कळली, आणि ती कळवली आमच्या पुजारिणीनं. ती वसमतमधल्याच एका देवळाच्या पुजाऱ्याची मुलगी, आमच्यात सगळ्यात वेगानं टाइप करणारी आणि जिभेनं त्याहून वेगवान. मेल मी सगळ्यांना दाखवला तेव्हा तिनं हेडफोन गळ्यात घेतला.

"पहिला महिना आमी घेतो? आमी म्हणजे कोण?"

"आपण."

"आपण? कोणाला इचारून लिहिलं, मॅडम? मला तर इचारलं न्हाई. हिला इचारलं का?" तिनं शेजारच्या कुरुंद्याच्या पोरीकडं बोट केलं. "हिचा मामा साडेसातला दाराला कडी घालतो."

कुरुंद्याची पोरगी खाली बघत पेडलावर पाय फिरवत राहिली.

"अमेरिकेवाल्यांनी न इचारता टाइम ठरवला म्हणून तुमी चिडला," पुजारीण म्हणाली, "आन् तुमी बी तेच करून राहिल्या."

मला राग आला. राग यायचं कारण ती खरं बोलत होती. मी त्या सगळ्यांच्या नावानं कबूल करून बसले होते आणि घरोघर जाऊन विचारायचं राहिलं होतं. त्या रात्री झोप नाही लागली. एकीकडून अमेरिका नाही म्हणेल अशी भीती, आणि दुसरीकडून हो म्हणेल अशी.

मंगळवारी सकाळी पश्चिमाबाईचं उत्तर आलेलं होतं. त्याची कॉपी पुण्याच्या कंपनीलाही. मी सरांच्या टेबलापाशी उभं राहूनच वाचलं, बसायचं सुचलं नाही.

तिनं लिहिलं होतं की ती एकसष्ट वर्षांची आहे. संध्याकाळच्या दवाखान्यांच्या फायली तिच्याकडं रात्री आठनंतर येतात, ती मध्यरात्रीपर्यंत तपासते आणि बारानंतर झोपते. 'साडेचार ही उठण्याची वेळ असते, हे तुला कोणी सांगितलं? तू स्वतः तेव्हा उठतेस का? आणि मी दोन महिने घ्यावेत हा तुझा न्याय?'

तासाभरात पुण्याहून सरांना फोन. सर फोनवर उभेच राहिले, 'हो सर, हो सर, मी नाही सांगितलं सर.' फोन ठेवून माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, काम गेलं तर या नऊ जणांना काय सांगू? तुमच्या बसपायी?"

मी खुर्चीत बसले आणि उत्तर लिहायला घेतलं, कारण नुसती बसून राहिले असते तर रडले असते, आणि सरांसमोर मला रडायचं नव्हतं. या वेळी मी दहा मिनिटंही शब्द शोधले नाहीत. लिहिलं:

'हो, मी चारला उठते. आमच्या वस्तीत सगळ्या बायका उठतात. पण मी साडेनऊला झोपते. तुम्ही बाराला झोपता हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. माझी चूक झाली. तुमचे साडेचार म्हणजे माझे रात्रीचे दोन. तुमचा एकच महिना, बाकीच्यांइतकाच. फेरी तीन महिन्यांची. आणि तुमच्या महिन्यात रात्री आठनंतरच्या फायली तुमच्याकडं पाठवू नयेत असं मी कंपनीला सुचवते, म्हणजे तुम्हाला लवकर झोपता येईल. पण साडेसात ते नऊ कायमची ठेवली तर पाच जणींना काम सोडावं लागेल, त्यात मी आहे. हे मी वाढवून लिहीत नाही.'

पाठवला. पाय पेडलावर नकळत खालीवर होत होता आणि हेडफोनमध्ये कोणीतरी डॉक्टर तुटक तुटक बोलत होता.

पूर्वाबाईचं उत्तर बुधवारी आलं. अगदी छोटं. तिला सांगण्यात आलं होतं की भारतातली सगळी सेंटर रात्रपाळीचीच असतात, म्हणून तिला वाटलं होतं की साडेसातला आमचा दिवस सुरू होतो. 'मला कोणी बस वगैरे सांगितली नाही. रात्री दहाचा महिना मला चालेल. नवरा त्या वेळी टीव्ही बघतो, मला सुटका.' मी ते वाचून हसले, आणि हसताना लक्षात आलं की शुक्रवारपासून मी हसलेच नव्हते.

पश्चिमाबाई गुरुवारी कबूल झाली, पण अटीवर. तीन महिन्यांची एक फेरी करून बघायची. तिच्या महिन्यात रिकाम्या जागा रोजच्या रोज निकालात निघाल्या नाहीत, किंवा आमच्या महिन्यात आम्ही एकही दिवस कमी पडलो, तर साडेसात ते नऊ कायम. पुण्याच्या कंपनीनं ती अट उचलून धरली.

म्हणजे आता पहिला महिना पूर्ण काढणं हे माझ्यावर आलं.

मी बाकीच्या चारही जणींच्या घरी गेले. वसमतच्या आसपासची तीन गावं, दोन रविवार. एका घरी चहा मिळाला, एका घरी मला उंबऱ्याबाहेर उभं ठेवून ऐकून घेतलं. माझ्या बाला मी बरोबर नेलं नाही, एकटी गेले. पुढं कळलं की बा प्रत्येक ठिकाणी माझ्याआधी एक दिवस जाऊन आला होता. काय बोलला ते त्यानं कधी सांगितलं नाही. तीन जणी कबूल झाल्या, नऊला सरांच्या जीपनं घरपोच सोडायचं या बोलीवर; कुरुंद्याच्या पोरीचा मामा मात्र नुसतं 'बघू' म्हणाला. सरांनी जीप द्यायला आधी आढेवेढे घेतले, मग दिली. तांड्याच्या रस्त्यानं जीप जात नव्हती, म्हणून माझा प्रश्न राहिलाच.

तो पुजारिणीनं सोडवला. एक दिवस हेडफोन काढून सहज बोलल्यासारखी म्हणाली, "मॅडम, महिनाभर आमच्या घरी निजा. आईचं सोवळं हाये, पन रातच्याला तिला दिसत न्हाई आन् सकाळी तुमी तिच्या आधी उठता."

"तुझी आई काय म्हणेल?"

"म्हणंल काय तरी. ती म्हणतच असती. तुमी मॅडम हाव ना, तुमाला आयकायची सवय पायजे."

मी तिथं झोपले. तिच्या आईनं पहिले आठ दिवस माझ्याशी बोलणं टाळलं आणि नवव्या दिवशी रात्री ताटात दुसरी पोळी न विचारता वाढली. मी त्याला मोठेपणा वगैरे म्हणत नाही. पोळी वाढली, एवढंच.

कुरुंद्याची पोरगी मात्र आमच्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. मामानं तिला काढून घेतलं. ती चांगली ऐकायची, हृदयाच्या औषधांची नावं तिच्या कानाला पाठ होती. तिच्या वाट्याचं काम मी आणि पुजारीण करत राहिलो आणि एकही दिवस कमी पडू दिला नाही. पण तिची नोकरी गेली ती माझ्या तक्त्यानं. पूर्वाबाईच्या वेळेनंही गेलीच असती, असं मी स्वतःला सांगते. ते खरंही आहे. तरी 'पहिला महिना आम्ही घेतो' ही ओळ माझ्या हातची होती.

महिना संपला. पश्चिमाबाईचा सुरू झाला. पहिल्या दिवशी दुपारी पाचला आम्ही आठही जण चॅटची खिडकी उघडून बसलो. पूर्वाबाई पाचलाच आली. पश्चिमाबाईच्या नावापुढं ती आल्याचा हिरवा दिवा नाही. त्या दिवशीच्या रिकाम्या जागा एकवीस, त्यातल्या चौदा तिच्याच डॉक्टरांच्या, तिच्याशिवाय कोणी भरू शकत नव्हतं.

पाच पाच. पाच दहा. सर दारात आले आणि घड्याळ बघून परत गेले.

"झोपली असंल," पुजारीण पुटपुटली.

"गप बस."

"मी काय वाईट बोलले? आपुनच म्हणलं ना, माणसं बाराला निजतात."

पाच बावीस झाले. माझ्या डोक्यात बस नव्हती, एसटीस्टँड नव्हतं, काहीच नव्हतं. फक्त असं वाटत होतं की आम्ही आमचा महिना इतक्या मरमर करून काढला आणि त्यांच्या बाजूनं कोणी उठलंच नाही तर? कागदावर कबूल करायला काय लागतं? विहिरीवर निदान शेजाऱ्याच्या दारात जाऊन कडी तरी वाजवता येते. हिच्या दारात मी कशी जाणार?

पाच चोवीसला दिवा लागला.

पहिली ओळ आली: 'मी उठले आहे. कॉफी व्हायची आहे. माझ्याशी गोड बोलू नका.'

पुजारिणीनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी कीबोर्डावर पडले.

आभार मानले असते तर तिला राग आला असता, एवढं मी तिला एव्हाना ओळखत होते. म्हणून पहिली रिकामी जागा लिहिली: रिपोर्ट तिसरा, दुसरी ओळ, छातीचा एक्स-रे, पुढचा शब्द कळत नाही. तिनं शब्द दिला. दुसरी लिहिली. तिनं शब्द दिला, आणि त्या डॉक्टरला एक शिवी. साडेसहाला आठ जागा अजून शिल्लक होत्या. तिनं सांगितलं, 'मी थांबते. तुमच्यातल्या बसवाल्यांनी जा, बाकीच्यांनी लिहीत राहा.'

पुजारीण माझ्या खुर्चीत बसली. मी चप्पल पायात सरकवत जिना उतरले आणि स्टँडकडं धावत सुटले.